बाथरूमच्या पाइपांचं इस्टिमेट वाचताना आधी पॉइंट आणि फूट मोजा

प्रश्न: "लातूरला आमचं एकमजली घर आहे, पंचवीस वर्षं झाली. आठ बाय पाचच्या बाथरूममधले भिंतीतले जीआय पाइप गंजलेत, शॉवरला धार नाही, पाणी तांबूस येतं. प्लंबरने कागदावर असं लिहून दिलं: सीपीव्हीसी पाइप ११० फूट, फिटिंगसह १४,५००. मजुरी ११ पॉइंट, ९०० प्रमाणे ९,९००. तोडफोड ३,०००. इतर २,५००. एकूण २९,९००. आत बेसिन, वॉल मिक्सर आणि त्यावर शॉवर, गीझर, फ्लशची टाकी आणि जेट एवढंच आहे. हा हिशोब बरोबर आहे का? आणि माणूस न दुखवता त्याला काय काय विचारू?"

उत्तर:

२९,९०० जास्त आहेत की कमी, हे नुसत्या बेरजेवरून कुणालाच सांगता येणार नाही. या कागदात काय धरलंय आणि काय धरलेलं नाही, हेच अजून ठरलेलं नाही. पण दोन आकडे तुम्हाला घरबसल्या तपासता येतील: ११ पॉइंट आणि ११० फूट. तिथून सुरुवात करा. बाकीचे प्रश्न आपोआप सुचतात आणि ते विचारताना संशय घेतल्यासारखंही वाटत नाही.

आधी पॉइंट. पाण्याची लाइन जिथे भिंतीबाहेर तोंड काढते, तो एक पॉइंट. तुमच्या बाथरूममध्ये बेसिनचे दोन (गरम आणि थंड), वॉल मिक्सरचे दोन, गीझरचे दोन (पाणी आत जाणारा आणि बाहेर येणारा), फ्लशच्या टाकीचा एक आणि जेटचा एक, असे आठ होतात. वॉल मिक्सरवरचा शॉवर मिक्सरच्याच डोक्यावरून निघणाऱ्या उघड्या नळीवर असेल, तर त्याला भिंतीत वेगळा पाइप लागत नाही. मग अकरा कुठून आले? बहुधा शॉवरचा एक आणि दोन स्टॉप कॉक त्याने धरले असतील. स्टॉप कॉकला पॉइंट धरणारे प्लंबर आहेत, न धरणारेही आहेत. त्यात लबाडी नाही, प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. पण तीन पॉइंटचे २,७०० रुपये होतात, म्हणून "अकरा पॉइंट कोणकोणते, जरा लिहून देता का?" एवढं विचाराच. तुम्हाला मिक्सर काढून भिंतीतला डायव्हर्टर बसवायचा असेल, तर शॉवर आणि खालचा नळ हे दोन पॉइंट खरोखर वाढतात. ते आत्ताच ठरवा. झिरी मारून झाल्यावर ठरवलं तर भिंत पुन्हा फुटते.

आता फूट. कागदावर बाथरूमच्या चारही भिंती काढा आणि लाइन कुठून कशी जाणार ते प्लंबरकडूनच त्यावर आखून घ्या. उदाहरणादाखल असं धरू की थंड पाण्याची लाइन सात फुटांवर आत येते. तिथून खाली ५ फूट, लांब भिंतीने ८, आखूड भिंतीने ५ आणि गीझरपर्यंत वर ५, असे २३ फूट थंडीचे झाले. गीझरकडून खाली ५ आणि मिक्सर-बेसिनपर्यंत १०, असे १५ फूट गरमचे. नळांपाशी चढ-उताराचे छोटे तुकडे मिळून १० फूट. बेरीज ४८. कापाकापीत वाया जाणारा दहा टक्के माल धरला तर पंचावन्नच्या आत बसतं. तुमची मांडणी वेगळी असेल तर पाच-दहा फूट इकडेतिकडे होईल, पण आठ बाय पाचच्या एका बाथरूमच्या आतच ११० फूट पाइप जिरत नाही.

याचा अर्थ प्लंबरने दुप्पट लिहिलंय असाही लगेच काढू नका. टाकीपासून बाथरूमपर्यंतची गच्चीवरची लाइन त्याने धरली असू शकते. टाकीपासून कठड्यापर्यंत पंधरा-वीस फूट आणि तिथून खाली दहा फूट, म्हणजे आणखी ३० फूट. शिवाय सीपीव्हीसीची नळी साधारण ३ मीटरची, म्हणजे जेमतेम दहा फुटांची मिळते आणि अख्खी विकत घ्यावी लागते. आतल्या ५५ फुटांना सहा नळ्या, गच्चीच्या ३० फुटांना एक इंची चार नळ्या. झाले शंभराच्या आसपास. एखादी नळी हाताशी जादा ठेवली की ११०. म्हणजे गच्चीची लाइन धरली असेल तर त्याचा आकडा ठीक आहे आणि धरली नसेल तर दुप्पट आहे. तुमच्या अख्ख्या इस्टिमेटमधला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच: "हे ११० फूट टाकीपासून आहेत की बाथरूमच्या आतले?"

आणि गच्चीची लाइन धरलेली नसेल, तर ती धरायला सांगा, खर्च वाढला तरी. तुमचं पाणी तांबूस येतंय आणि धार नाही. जीआय आतून गंजतो, त्यावर आपल्या बोअरच्या जड पाण्याचा क्षार बसतो आणि पाइपाचं भोक हळूहळू बुजत जातं. हे फक्त बाथरूमच्या भिंतीत होतं असं नाही, टाकीपासून खाली येणाऱ्या पाइपातही तेच होतं. तो तसाच ठेवून पुढचे पाइप नवे केले, तर सुटलेला गंज नव्या लाइनमधून मिक्सरच्या आणि शॉवरच्या जाळीत येऊन बसतो, पाणीही तांबूसच राहतं. पाइप बदलून सहा महिन्यांत धार गेली, अशी तक्रार येते तेव्हा मी आधी गच्चीवरचा पाइप बघतो.

धारेबद्दल आणखी एक गोष्ट, कारण इस्टिमेटमध्ये ती लिहिलेलीच नाही. पाइपाचा साइज. जीआयचा अर्धा इंच आणि सीपीव्हीसीचा अर्धा इंच, नाव एकच असलं तरी आतलं भोक एक नसतं. अर्ध्या इंची जीआयचं आतलं भोक साधारण १६ मिलिमीटर असतं. सीपीव्हीसीच्या अर्ध्या इंचाचं, जाड पाइप घेतला तर, साडेबाराच्या आतबाहेर. पाणी जायची जागा जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी होते. पाऊण इंची सीपीव्हीसीचं भोक १८ मिलिमीटर आहे, म्हणजे ते जुन्या अर्ध्या इंची जीआयपेक्षा थोडं मोठं पडतं. म्हणून "अर्ध्याला अर्धा" बदलला तर नवा कोरा पाइप टाकूनही शॉवर रडतच राहतो. बाथरूमभर पाऊण इंच फिरवा आणि नळापाशी पाऊण बाय अर्धा ब्रास एल्बो वापरा, असं लिहून घ्या. फ्लशची टाकी आणि जेट यांच्या शेवटच्या तुकड्याला अर्धा इंच चालतो.

एकमजली घरात याला जास्तच महत्त्व आहे. स्लॅब दहा फुटांवर, टाकीचा स्टँड तीन फूट आणि शॉवर सात फुटांवर, म्हणजे टाकीच्या तळापासून शॉवरपर्यंत पाण्याची उंची फक्त सहा फूट. दहा मीटर उंचीला एक किलो दाब, या हिशोबाने तुमच्या शॉवरला पाव किलोसुद्धा दाब मिळत नाही. इतक्या कमी दाबात पाइपाचं भोक आणि एल्बोंची संख्या लगेच जाणवते. हेही खरं, की पाइप कितीही चांगले टाकले तरी सहा फुटांत मोठ्या शॉवरची धार येणार नाही. ती हवी असेल तर टाकी उंच करणं किंवा प्रेशर पंप हा वेगळा खर्च आहे. "पाइप बदलले की जोरात पाणी येईल" असं कुणी सांगत असेल, तर किती जोरात, ते विचारा.

मटेरियलच्या ओळीत नुसतं "सीपीव्हीसी" लिहून भागत नाही. कंपनी, साइज आणि एसडीआर या तीन गोष्टी हव्यात. एसडीआर म्हणजे पाइपाचा बाहेरचा व्यास भागिले पाइपाच्याच भिंतीची जाडी, त्यामुळे आकडा लहान तितका पाइप जाड. ११ हा जाड, १३.५ हा पातळ. तुमच्या घरात जितका दाब आहे त्याला दोन्ही सहज पुरतात. पण भिंतीत गाडायच्या लाइनला, त्यातही गरम पाण्याच्या, मी ११ च सांगतो. झिरीत बसवताना ठोके बसतात, पुढे कुणीतरी खिळा मारतो आणि गरम पाण्याने पाइप रोज थोडा ताणला-आक्रसला जातो. प्रत्येक नळीवर कंपनीचं नाव, साइज, एसडीआर आणि आयएस १५७७८ हा मानकाचा क्रमांक छापलेला असतो, आयएसआय खुणेपाशी परवान्याचा क्रमांकही असतो. तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. माल घरी आला की दोन मिनिटं काढून हे वाचा.

फिटिंगमध्ये महाग पडतात ते ब्रास एल्बो, म्हणजे ज्यात नळ आवळायला पितळेचे आटे बसवलेले असतात. तुमचे आठ पॉइंट असतील तर आठच लागतील. टी किती, तेही मोजता येतं. थंडीच्या लाइनला पाच तोंडं, म्हणून चार टी. गरमच्या लाइनला मिक्सर आणि बेसिन, म्हणून एक टी. बाकी साधे एल्बो आणि कपलर वळणांप्रमाणे. ब्रासच्या जागी आतून प्लॅस्टिकचे आटे असलेला एल्बो आला तर परत करा. नळ जोरात आवळला की तो तडकतो, आणि तडकतो तोही टाइलच्या मागे. तसंच पाइप चिकटवायचं सोल्युशन सीपीव्हीसीचंच हवं. ते पिवळसर येतं. पीव्हीसीचं पांढरं सोल्युशन स्वस्त असतं म्हणून काही जण तेच लावतात. ते थंड पाण्याला काही दिवस धरतं आणि गरमच्या लाइनला जोड सुटतो.

मटेरियलच्या १४,५०० बद्दल बोलायचं तर या कंपन्यांच्या लिस्ट प्राइसवर दुकानात सूट मिळते, आणि ती दुकानाप्रमाणे, मालाप्रमाणे बदलते. इस्टिमेट लिस्टच्या भावाने केलंय की सूट वजा करून, हे कागदावरून कळत नाही. म्हणून पाइपाचे नग आणि फिटिंगची यादी साइजसकट लिहून घ्या आणि तीच यादी गावातल्या दोन दुकानांत दाखवून "सूट जाऊन किती?" एवढं विचारा. प्लंबरला दुकानातून काही मिळत असेल, तर त्यावरून भांडू नका. माल निवडणं, आणणं, चुकीचा आला तर परत करणं, हे काम तो करतो. फक्त बिल दुकानाचं आणि तुमच्या नावाचं असावं, आणि न कापलेल्या नळ्या व न वापरलेली फिटिंग परत घेणार का, हे दुकानदाराकडून आधीच ऐकून घ्यावं. कुणी जीएसटी वेगळा लावला तर बिलावर जीएसटी नंबर हवा.

मजुरी ९०० रुपये पॉइंट योग्य आहे का, हे गावावर, हंगामावर आणि माणसाच्या हातावर अवलंबून आहे. एक पडताळा मात्र करता येतो. मजुरी आणि तोडफोड मिळून १२,९०० होतात. अशा कामाला एक प्लंबर आणि एक हेल्पर धरून साधारण चार दिवस लागतात. पहिला दिवस टाइल काढून झिरी मारण्यात जातो, दुसरा पाइप जोडण्यात. मग जोड वाळू द्यायचे, टेस्टिंग करून झिरी बुजवायची हा तिसरा, आणि टाइल झाल्यावर नळ, गीझर बसवायचा चौथा. म्हणजे दोघांचे रोजचे सव्वातीन हजारांच्या जवळपास. तुमच्याकडे प्लंबर आणि हेल्परची हजेरी किती चालते ते विचारून बघा. गुत्त्यात हजेरीपेक्षा थोडं जास्त असणारच, कारण काम लांबलं तर तो भार त्याच्यावर असतो. पण दीडपटीच्या वर जात असेल तर पॉइंटचा भाव बोलून बघायला हरकत नाही.

हा पडताळा खरा ठरायला मजुरीत काय येतं ते माहीत हवं. पॉइंटच्या भावात पाइपिंग येतं. शेवटी नळ, मिक्सर, गीझर बसवणं येतं की त्याची नगावर वेगळी मजुरी, हे विचारा. बहुतेक वाद इथेच होतात. "तोडफोड ३,०००" मध्ये मलबा बाहेर नेऊन टाकणं येतं का? झिरी सिमेंटने कोण बुजवणार? आणि टाइल? ते मिस्त्रीचं काम आहे आणि तुमच्या कागदात ते कुठेच दिसत नाही. पंचवीस वर्षांपूर्वीची टाइल आता मिळणार नाही, त्यामुळे झिरीच्या जागी वेगळ्या रंगाचा पट्टा घालायचा की पूर्ण भिंत नवी करायची, यावरच तुमच्या एकूण खर्चाचा मोठा भाग ठरतो. तो २९,९०० च्या बाहेर आहे, हे धरून चला. "इतर २,५००" मध्ये सोल्युशन, टेफ्लॉन, क्लॅम्प, कटरचं ब्लेड, सिमेंट-वाळू असं काही असेल तर ते रास्त आहे, पण नावं लिहून घ्या. जुना जीआय आणि पितळी नळ यांचं भंगार कोणाचं, हेही आत्ताच बोलून टाका. भिंतीतला जुना पाइप उपटायचा आग्रह धरू नका. लाइनपासून तोडून तोंडं बंद केली की तो आत राहिला तरी चालतो, आणि निम्मी तोडफोड वाचते.

टेस्टिंग कागदात नाही, ते लिहून घ्या. सगळी तोंडं प्लगने बंद करायची, लाइनमधली हवा काढायची आणि शेवटचा जोड मारल्यापासून चोवीस तासांनी टेस्टिंग पंपाने पाण्याचा दाब द्यायचा. सात किलोवर काटा दोन तास हलला नाही पाहिजे. मिक्सर, गीझर आणि जुना जीआय तेव्हा लाइनपासून वेगळे ठेवायचे. "टाकीचं पाणी सोडून बघू, गळालं तर कळेल" हे पुरत नाही. तुमच्या टाकीचा दाब अर्ध्या किलोच्याही खाली आहे, त्याने कच्चा जोड उघडा पडत नाही. तो वर्षभराने टाइलच्या मागे पाझरायला लागतो. उन्हाळ्यात काम असेल तर जोड सकाळीच मारायला सांगा. चाळिशीच्या वर पारा गेला की सोल्युशन ब्रशवरच सुकायला लागतं आणि पाइप फिटिंगमध्ये पूर्ण बसण्याआधी अडकतो.

टेस्टिंगच्या वेळी दोन गोष्टी डोळ्यांनी बघा. ब्रास एल्बोचं तोंड तयार टाइलच्या पातळीला येणार का? टाइल आणि मसाला धरून प्लंबर अंदाज घेतो. तोंड फार आत गेलं की नळाला एक्स्टेन्शन जोडावं लागतं, आणि जितके जोड जास्त तितकी गळायची जागा जास्त. दुसरं, वॉल मिक्सरच्या दोन तोंडांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत सहा इंच आणि दोन्ही लेव्हलमध्ये आहेत का, ते टेपने मोजा. थोडा फरक मिक्सरच्या वाकड्या पायांनी भागतो, बोटभर फरक भागत नाही. मग झिरी बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढा. पुढे आरसा किंवा टॉवेलची दांडी लावताना ड्रिल कुठे मारू नये, ते त्या फोटोतूनच कळेल.

आणखी दोन गोष्टी तुमच्या घराला लागू असतील तरच विचारा. सोलर असेल, तर सोलरकडून येणारी गरम लाइन सीपीव्हीसीचीच असावी, साधा पांढरा पीव्हीसी तिथे वाकतो. आणि गच्चीवर उघड्या राहणाऱ्या सीपीव्हीसीला पाण्यातला ॲक्रिलिक रंग द्यायला सांगा, ऑइल पेंट नको. आपल्याकडच्या उन्हात न रंगवलेला पाइप काही वर्षांत ठिसूळ होतो. नहाणी ट्रॅप आणि सांडपाण्याचे पाइप या इस्टिमेटमध्ये धरलेले दिसत नाहीत. तिथे गळती किंवा तुंबणं नसेल तर त्यांना हात लावू नका. फरशी फोडली की वॉटरप्रूफिंग नव्याने करावं लागतं आणि ते वेगळंच काम होतं.

विचारायचं कसं, तर चुका काढल्यासारखं नको. "तुमचंच काम करायचं ठरवलंय, फक्त हा कागद जरा सविस्तर लिहून द्या, म्हणजे नंतर दोघांनाही त्रास नको" असं म्हणा. मग पॉइंटची नावं, गच्चीची लाइन आत की बाहेर, पाऊण इंच आणि एसडीआर ११, नळ बसवणं धरून की वेगळं, मलबा, आणि टेस्टिंग, एवढं त्याच्याच हाताने लिहून घ्या. चांगला प्लंबर हे दहा मिनिटांत लिहून देतो, कारण यातल्या बहुतेक गोष्टी त्याच्या डोक्यात असतातच. मटेरियलचे पैसे दुकानाला थेट द्या. मजुरीतले थोडे कामाला हात लावताना, निम्म्याच्या आसपास काटा दोन तास स्थिर राहिल्यावर आणि उरलेले सगळे नळ बसवून, गीझर तापवून, गरम लाइनवर एक दिवस आंघोळी झाल्यावर द्या. टाइल लागल्यावर जोड गळाला तर पाइपाची दुरुस्ती तो फुकट करेल, पण टाइल आणि मिस्त्रीचा खर्च कोणाचा, हे त्याच कागदाच्या खाली एका ओळीत लिहून दोघांच्या सह्या घ्या.